कप्पा-लॅम्डा दोन्ही लागत नाहीत, किंवा दोन्ही लागतात: गडबड बहुतेक वेळा धुण्यात असते

फ्लो सायटोमेट्रीच्या टेबलावर काम करणाऱ्याला टेक्निशियन मुलीचं हे वाक्य नवीन नाही: "सर, बाकी सगळं लागलंय, कप्पा-लॅम्डा लागलेच नाहीत." पुढच्या आठवड्यात तीच मुलगी म्हणते, "सर, आज दोन्ही लागलेत." मग रिएजंटची बाटली उजेडात धरून बघायची, एक्स्पायरी वाचायची, लॉट नंबर लिहून घ्यायचा आणि कंपनीच्या माणसाला फोन लावायचा. मीही अनेक वर्षं तेच केलं. बाटलीत दोष निघाल्याचं फार क्वचित आठवतं.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. रक्तातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात आणि त्यांना सीडी क्रमांक दिलेले आहेत. रंगीत प्रकाश देणारं रसायन जोडलेली अँटिबॉडी त्या प्रथिनाला चिकटवायची, पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडायच्या आणि कुठली पेशी कुठल्या रंगात किती चमकली ते मोजायचं. सीडी१९ दिसला की पेशी बी जातीची, सीडी३ दिसला की टी जातीची. पण जात कळली म्हणजे रोग कळला असं होत नाही. इन्फेक्शनमध्येही बी-पेशी वाढू शकतात. वाढलेल्या पेशी वेगवेगळ्या घरच्या आहेत की एकाच पेशीची पिलावळ, हे ठरवावं लागतं. तिथे कप्पा आणि लॅम्डा उपयोगी पडतात.

बी-पेशीच्या अंगावर इम्युनोग्लोब्युलिन असतं आणि त्यातली हलकी साखळी एक तर कप्पा असते, नाही तर लॅम्डा. एका पेशीवर एकच. निरोगी रक्तात कप्पावाल्या पेशी लॅम्डावाल्यांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतात. पिलावळ एकाच पेशीची असेल तर सगळ्यांच्या अंगावर एकच साखळी दिसते. म्हणून पडद्यावर पेशींच्या ठिपक्यांचे दोन ढग दिसायला हवेत किंवा एकच. शून्य ढग, किंवा वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन्हींना एकत्र कवेत घेणारा ढग दिसला, तर आधी स्वतःच्या कामावर संशय घ्यायचा आणि मग पेशंटच्या पेशींवर.

एक सॅम्पल, तीन वेळा

एक सॅम्पल सांगतो, म्हणजे सगळं एका ठिकाणी दिसेल. ६७ वर्षांचे गृहस्थ. त्रास काही नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासणीत पांढऱ्या पेशी ८६,००० निघाल्या. त्यात लिम्फोसाइट्स ८८ टक्के. स्मिअरवर लहान, दिसायला प्रौढ लिम्फोसाइट्स आणि अधूनमधून फुटून पसरलेल्या स्मज सेल्स. स्मिअर बघणाऱ्याने मनात सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, हे नाव घेतलंच होतं. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची ट्यूब आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचली.

पहिल्या फेरीत १०० मायक्रोलिटर रक्त घेतलं, त्यात सगळ्या अँटिबॉडीज घातल्या, लाल पेशी फोडल्या, एकदा धुतलं आणि मशिनला लावलं. सीडी१९ पॉझिटिव्ह, त्याच पेशींवर सीडी५ पॉझिटिव्ह, सीडी२३ आणि सीडी२०० पॉझिटिव्ह, सीडी२० फिका, सीडी७९बी फिका, एफएमसी७ निगेटिव्ह, सीडी१० निगेटिव्ह. कप्पा, लॅम्डा दोन्ही शून्याच्या रेषेवर सपाट पडलेले.

आमच्याकडे नव्याने आलेल्या रेसिडेंटने मसुद्यात लिहिलं, "सरफेस लाइट चेन निगेटिव्ह." मी म्हटलं, थांब. हे पेशीने सांगितलं की आपण तिला बोलू दिलं नाही?

प्लाझ्माचं गणित

हे गणित एकदा कागदावर मांडलं की पुन्हा विसरत नाही. १०० मायक्रोलिटर रक्तात प्लाझ्मा सुमारे ५५ मायक्रोलिटर. प्लाझ्मात इम्युनोग्लोब्युलिन दर मिलिलिटरला ढोबळमानाने १० मिलिग्रॅम धरू. म्हणजे त्या छोट्या ट्यूबमध्ये ५५० मायक्रोग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन नुसतं पाण्यात पोहत आहे आणि त्या सगळ्यावर कप्पा किंवा लॅम्डा साखळी आहे. आपण घालतो ती अँटिबॉडी समजा एक मायक्रोग्रॅम. ती पेशीपर्यंत पोहोचणार कशी? वाटेतच पाचशे जण तिला पकडायला उभे. ती प्लाझ्मातल्या साखळीला चिकटते, शेवटच्या धुण्यात बेसिनमध्ये जाते आणि पेशी कोरी राहते. सीडी१९, सीडी५ यांना हा त्रास नाही, कारण ते प्लाझ्मात अशा प्रमाणात पोहत नसतात. म्हणून "बाकी सगळं लागलंय, हेच दोन लागले नाहीत" हे वाक्य ऐकलं की निदान जवळजवळ झालेलं असतं.

आता धुवून बघू. ट्यूबमध्ये ४ मिलिलिटर बफर घातलं, फिरवलं, वरचं काढलं आणि तळाशी सुमारे २०० मायक्रोलिटर द्रव शिल्लक राहिला. म्हणजे एका धुण्यात पोहणारं इम्युनोग्लोब्युलिन अंदाजे वीसपट कमी झालं. ५५० चे साडेसत्तावीस. अजूनही अँटिबॉडीच्या सत्तावीसपट! दुसऱ्या धुण्यानंतर साधारण १.४, म्हणजे बरोबरीची झुंज. तिसऱ्यानंतर ०.०७. आता कुठे अँटिबॉडीला मोकळी वाट मिळाली. "आम्ही धुतो की" असं प्रत्येक लॅब सांगते. प्रश्न असतो तो किती वेळा, आणि अँटिबॉडी घालण्याआधी की नंतर. नंतरच्या धुण्याचा इथे काहीच उपयोग नाही, तोवर अँटिबॉडी खर्च होऊन गेलेली असते.

हे मी सांगतो म्हणून मानू नका. आपल्याच कुणा निरोगी सहकाऱ्याचं रक्त घ्या आणि चार ट्यूब करा: न धुतलेली, एकदा, दोनदा आणि तीनदा धुतलेली. सीडी१९ वर गेट लावून, म्हणजे फक्त बी-पेशी निवडून, कप्पा-लॅम्डा बघा. पहिलीत काहीच नाही, दुसरीत धुरकट ढग, तिसरीत दोन ढग वेगळे व्हायला लागलेले, चौथीत दोन स्वच्छ डोळे. आमच्याकडे चौथ्यांदा धुऊनही त्यापुढे फरक पडला नाही, म्हणून आम्ही तीनवर थांबलो. तुमच्याकडे रिएजंट वेगळं असेल, ट्यूब वेगळी असेल, तर आकडा वेगळा येऊ शकतो. त्या चार प्लॉट्सची प्रिंट आमच्या सेंट्रिफ्यूजच्या वर भिंतीला लावलेली आहे. नवीन माणसाला यापेक्षा चांगलं प्रशिक्षण देता आलेलं नाही.

दुसरी फेरी, आणि उलटी तक्रार

ट्यूब पुन्हा लावली, या वेळी आधी एकदा धुऊन. घाई होती, संध्याकाळ झाली होती. आता कप्पा आणि लॅम्डा दोन्ही थोडे थोडे वर आले. एकच ढग, तिरका, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे झुकलेला. रेसिडेंट म्हणाला, "सर, ड्युअल पॉझिटिव्ह?"

दोन्ही साखळ्या खरोखर बाळगणारी पिलावळ पुस्तकात आहे, पण अशी पेशंट आयुष्यात मोजकीच भेटतात. असा तिरका ढग दिसला तर आधी शेजाऱ्यांकडे बघायचं. त्याच ट्यूबमध्ये मोनोसाइट्स आहेत. त्यांच्यावर एफसी रिसेप्टर असतात, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची शेपटी पकडणारे हात. प्लाझ्मातलं तयार इम्युनोग्लोब्युलिन ते उचलून अंगावर घेतात आणि त्यात कप्पावालंही असतं, लॅम्डावालंही. ते दोन्हीमध्ये चमकणारच. एनके पेशीही हेच करतात, आणि बी-पेशीवरही असा एक रिसेप्टर आहे. आपल्या प्लॉटमध्ये मोनोसाइट्स दोन्हीमध्ये भरपूर वर होते आणि सीएलएलच्या पेशींचा ढग त्यांच्याच दिशेने झुकलेला होता. म्हणजे पेशीची स्वतःची साखळी एक आणि वरून पांघरलेली उसनी दोन, असा तो खेळ होता. सीएलएलमध्ये पेशीची स्वतःची साखळी मुळात फिकी असते, त्यामुळे उसनं पांघरूण तिला सहज झाकून टाकतं. भडक साखळी असलेल्या लिम्फोमात हाच घोळ इतका दिसत नाही.

टी-पेशी मात्र यात आपल्या साक्षीदार आहेत. त्यांना ना स्वतःचं इम्युनोग्लोब्युलिन, ना बहुतेकींना ते पकडायचे हात. टी-पेशींचा ढग दोन्हीमध्ये शून्यावर असायलाच हवा. तोही वर सरकला असेल तर प्रश्न धुण्याचा किंवा कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे एका रंगाची दुसऱ्यात झिरपणारी चमक वजा करण्याचा. टी-पेशी खाली आणि मोनोसाइट्स वर असतील तर उसनं पांघरूण. आयसोटाइप कंट्रोलच्या, म्हणजे नेम नसलेली अँटिबॉडी घातलेल्या, वेगळ्या ट्यूबपेक्षा त्याच ट्यूबमधल्या टी-पेशी मला जास्त भरवशाच्या वाटतात, कारण त्याही त्याच धुण्यातून गेलेल्या असतात.

उसनं पांघरूण काढायला थंड बफर पुरत नाही. बफर ३७ अंशांना कोमट केलं की चिकटलेलं इम्युनोग्लोब्युलिन बरंच सुटतं. आम्ही १ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन घातलेलं पीबीएस वॉटर बाथमध्ये ठेवून वापरतो.

इथे एका सापळ्याबद्दल सांगायला हवं, कारण मी स्वतः त्यात सापडलो आहे. दोन्ही पॉझिटिव्ह दिसले की कुणीतरी सुचवतं, "एफसी ब्लॉक घालूया." म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन पकडणारे ते हात आधीच अडवून ठेवायचे. कल्पना बरोबर आहे. पण ब्लॉकच्या काही बाटल्यांमध्ये शुद्ध केलेलं मानवी आयजीजी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनच, असतं! तीन वेळा धुऊन जे काढलं तेच आपण चमच्याने परत घातलं. त्या दिवशी आमचे दोन्ही ढग दोन मिनिटांत गायब झाले आणि मला कारण कळायला संध्याकाळ गेली. कप्पा-लॅम्डाच्या ट्यूबमध्ये मानवी आयजीजी किंवा मानवी सीरम असलेलं काहीही नको. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा.

पेशी जास्त झाल्या की सगळंच फिकं पडतं

तिसऱ्या फेरीआधी आणखी एक चूक दुरुस्त केली, ती पहिल्या फेरीपासून चालत आली होती. ८६,००० पेशी दर मायक्रोलिटरला, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये ८६ लाख पेशी. आमची अँटिबॉडी साधारण १० लाख पेशींसाठी बेतलेली. नऊ जणांचा स्वयंपाक एकाच्या डब्यात भागवल्यासारखं झालं, प्रत्येकाच्या वाट्याला घासभर. असं झालं की एखादाच मार्कर नाहीसा होतो असं नाही, सगळे थोडे थोडे खाली सरकतात. फिके मार्कर अगदी शून्याला टेकतात. ओळखायची सोपी खूण: पेशंटच्या निरोगी टी-पेशींवरचा सीडी५ आणि सीडी३ कालच्या साध्या सॅम्पलशी ताडून बघा. टी-पेशीवरचा सीडी५ भडक असतो. तोही उतरलेला दिसला तर पेशी जास्त झाल्या आहेत.

म्हणून आधी काउंट बघायचा आणि रक्त बफरमध्ये पातळ करून दर मायक्रोलिटरला साधारण १०,००० पेशींवर आणायचं. या पेशंटचं रक्त आम्ही आठपट पातळ केलं. त्याचा आणखी एक फायदा आपोआप मिळतो: ट्यूबमध्ये प्लाझ्माही आठपट कमी जातो.

तिसरी फेरी, जशी केली तशी

पातळ केलेलं १०० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटरच्या ट्यूबच्या तळाशी सोडलं. भिंतीला लागू दिलं नाही. भिंतीला लागलेला थेंब धुतला जात नाही आणि नंतर खाली उतरून घोळ घालतो. ४ मिलिलिटर कोमट बफर घातलं, झाकण लावून दोन-तीनदा उलटंपालटं केलं आणि ४०० जीवर पाच मिनिटं फिरवलं.

आता काळजीची पायरी येते. लाल पेशी अजून फोडलेल्या नाहीत, त्यामुळे तळाशी लाल थर बसतो आणि आपल्याला हव्या त्या पांढऱ्या पेशी त्याच्या वर पातळ साय धरून असतात. ट्यूब झटकन उलटी करून ओतून दिलं तर नेमकी सायच जाते. तेव्हा पिपेटचं टोक वरून खाली नेत द्रव काढायचा आणि लाल थराच्या वर थोडासाच द्रव सोडून थांबायचं. मग व्हॉर्टेक्सवर थर पूर्ण सुटा करायचा. हे विसरलं की लाल थराच्या आत अडकलेला प्लाझ्मा तसाच राहतो आणि तीन धुण्यांचं काम एका धुण्याइतकं होतं. "आम्ही तीनदा धुतो तरी लागत नाही" म्हणणाऱ्या एका मित्राच्या लॅबमध्ये मी उभा राहून बघितलं, तर व्हॉर्टेक्स बंद पडलं होतं आणि मुलं ट्यूबला टिचकी मारून काम भागवत होती.

अशी तीन आवर्तनं झाल्यावर अँटिबॉडीज घातल्या, १५ मिनिटं अंधारात ठेवलं, अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडल्या, एकदा धुतलं आणि मशिनला लावलं. लाल पेशी आधी फोडून मग धुणं हेही चालतं, सायीची भानगड त्यात नाही. फक्त फोडणाऱ्या द्रावणात फॉर्मॅल्डिहाइड असेल तर ते रंगवण्याआधी वापरू नका, पेशी तिथेच फिक्स होते.

या वेळी पडद्यावर टी-पेशी दोन्हीमध्ये खाली, मोनोसाइट्सही बऱ्याच खाली उतरलेले. सीएलएलचा ढग लॅम्डामध्ये शून्यावर आणि कप्पामध्ये थोडासाच, पण एकसंध, वर सरकलेला. त्याच दिवशी लावलेल्या निरोगी रक्तातल्या कप्पा पेशींच्या तुलनेत हा ढग खूपच खाली होता. म्हणजे कप्पा, फिका. एकच साखळी, एकच पिलावळ.

आमच्या ट्यूबमध्ये कप्पाची अँटिबॉडी पीई या रंगावर आणि लॅम्डाची एफआयटीसी या रंगावर आहे. पीई जास्त भडक रंग, त्यामुळे फिका कप्पा तरी सापडला. हाच पेशंट लॅम्डाचा असता तर एफआयटीसीवर तो शून्यापासून वेगळा काढायला जड गेलं असतं. अशा वेळी दोन्ही साखळ्या भडक रंगांवर घेतलेली वेगळी छोटी ट्यूब हाताशी असावी.

राहिला प्रश्न आकड्याचा. धुतलेल्या ट्यूबवरून पेशींची एकूण संख्या कधीही काढू नये, धुण्यात काही पेशी जातातच. काउंटर मशिनचा आकडा घ्यायचा: ८६,००० चे ८८ टक्के म्हणजे ७५,६८०. फ्लोवर लिम्फोसाइट्सपैकी ९२ टक्के या पिलावळीचे, म्हणजे दर मायक्रोलिटरला सुमारे ६९,६००. सीएलएल म्हणायला अशा पेशी ५,००० किंवा जास्त, आणि त्याही तीन महिने टिकलेल्या लागतात. त्याहून कमी असतील आणि गाठी, प्लीहा वगैरे काही वाढलेलं नसेल तर मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस म्हणतात, त्यात बहुतेकांना फक्त नजरेखाली ठेवलं जातं. या गृहस्थांच्या जुन्या रिपोर्टांत वर्षभरापूर्वीचे ४१,००० सापडले. कुणी लक्ष दिलं नव्हतं इतकंच.

मग एवढा आटापिटा कशाला?

रेसिडेंटने हाच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. सीडी५, सीडी२३, सीडी२०० सगळे लागलेत, सीएलएल तर पहिल्या फेरीतच दिसत होतं.

या पेशंटमध्ये हो. पण सीडी५ असलेली बी-पेशी दिसली की दुसरं नाव मँटल सेल लिम्फोमाचं येतं. त्याचा मार्ग वेगळा, औषधं वेगळी. दोघांना वेगळं करायला अनेक ठिकाणी मॅट्युटिसचा पाच गुणांचा तक्ता वापरतात. सीडी५ पॉझिटिव्ह असेल तर एक गुण, सीडी२३ पॉझिटिव्हला एक, एफएमसी७ निगेटिव्हला एक, सीडी७९बी फिका किंवा नसण्याला एक आणि पेशीवरची साखळी फिकी असण्याला एक. चार-पाच गुण म्हणजे सीएलएल, दोन किंवा कमी म्हणजे बहुधा दुसरं काही, तीन म्हणजे अडचण.

पाचपैकी तीन गुण "नसण्याचे" किंवा "फिके असण्याचे" आहेत हे लक्षात घ्या. आता मँटल सेलची पेशी डोळ्यांसमोर आणा. सीडी५ आहे, सीडी२३ बहुतेक नाही, एफएमसी७ आहे, सीडी७९बी भडक, साखळी चांगली चमकदार. खरे गुण एक. हेच रक्त न धुता लावलं तर साखळी दिसत नाही आणि गुण दोन होतात. वर पेशीही नऊपट जास्त घातल्या, सीडी७९बी उतरला, एफएमसी७ रेषेखाली गेला, तर गुण चार. आपल्या हाताने मँटल सेलचा सीएलएल केला! पेशीने काहीच बदललं नाही. सीडी२०० इथे बराच आधार देतो, तो सीएलएलमध्ये भडक आणि मँटलमध्ये सहसा नसतो किंवा फिका असतो. आणि शंका राहिली तर t(11;14), म्हणजे गुणसूत्र ११ आणि १४ मधली अदलाबदल, शोधायला फिश ही तपासणी करायला सांगायचं. पण ती शंका येण्यासाठी साखळी खरी किती चमकते हे आधी दिसायला हवं. फिकेपणा हाही इथे एक मार्कर आहे, म्हणून तो कारागिरीतून आलेला चालत नाही.

धुऊनही दोन्ही निगेटिव्ह आले तर

तीन कोमट वॉश झाले, पेशी मोजून घातल्या, तरी दोन्ही शून्यावर आहेत. आता पेशंटच्याच उरलेल्या निरोगी बी-पेशी शोधा. सीडी५ नसलेल्या, सीडी२० नेहमीइतका भडक असलेल्या थोड्याशा तरी सापडतात. त्या त्याच ट्यूबमध्ये दोन स्वच्छ ढगांत विभागल्या असतील तर धुणं बरोबर झालं आहे आणि आजारी पेशी खरोखर निगेटिव्ह आहे. सीएलएलमध्ये अशा पेशी इतक्या कमी उरतात की एक-दोन लाख इव्हेंट, म्हणजे पेशींच्या नोंदी, गोळा केल्याशिवाय त्यांचे ढग दिसत नाहीत. नाहीच सापडल्या तर बाजूला लावलेलं निरोगी रक्त तेवढंच काम करतं.

खरोखर निगेटिव्ह असण्याची कारणं आहेत आणि ती निदानाला उपयोगीच पडतात. बी-लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची पेशी इतकी कोवळी असते की पूर्ण इम्युनोग्लोब्युलिन अंगावर आलेलं नसतं. तिथे सीडी१९ सोबत सीडी३४, सीडी१० आणि पेशीच्या आत टीडीटी शोधायचा, सीडी४५ ही फिका असतो. लहान मुलाच्या किंवा केमोनंतर सावरणाऱ्या बोन मॅरोत निरोगी कोवळ्या बी-पेशीही अशाच कोऱ्या दिसतात, त्यांना हेमॅटोगोन म्हणतात. प्लाझ्मा सेल साखळी अंगावर क्वचितच ठेवते, पोटात ठेवते, म्हणून तिला आतून रंगवावं लागतं. आणि काही फॉलिक्युलर लिम्फोमा खरंच साखळी गमावलेले असतात. प्रौढ दिसणाऱ्या, सीडी३४ नसलेल्या बी-पेशींचा मोठा एकसंध कळप दोन्हीला निगेटिव्ह असणं हेही निरोगी लक्षण नाहीच. निगेटिव्ह आहे हे मान्य करण्याआधी दुसऱ्या क्लोनची किंवा पॉलिक्लोनल अँटिबॉडी एकदा लावून बघावी. मोनोक्लोनल अँटिबॉडी साखळीचा एकच बिंदू ओळखते, आणि तो बिंदू त्या पिलावळीत बदललेला असू शकतो.

आणखी एक प्रकार, तुलनेने नवा. उपचार चालू असलेल्या लिम्फोमाच्या पेशंटचा फॉलो-अप आला, सगळ्या बी-पेशी कप्पा पॉझिटिव्ह. मूळ रोग लॅम्डाचा होता! कितीही धुतलं तरी कप्पा जात नव्हता. केस पेपर मागवला तेव्हा कळलं की दोन आठवड्यांपूर्वी रिटुक्सिमॅब दिलेलं. रिटुक्सिमॅब ही स्वतः आयजीजी कप्पा अँटिबॉडी आहे. ती सीडी२० ला जाऊन घट्ट बसते आणि आपली अँटिबॉडी पेशीची नव्हे, औषधाची कप्पा साखळी रंगवते. खूण अशी की त्याच पेशींवर सीडी१९ व्यवस्थित असतो आणि आपला सीडी२० लागत नाही, कारण जागा औषधाने व्यापलेली. यावर वॉश हा उपाय नाही. आता आमच्या रिक्विझिशन फॉर्मवर "गेल्या सहा महिन्यांत अँटिबॉडी औषध दिलं का, कोणतं, कधी" ही ओळ ठळक छापलेली आहे. दहातले सहा जण तरी ती भरतात.

वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरका ढग नसून छोटासा वेगळा ठिपका दिसला, तर तो बहुधा जोडपी पेशींचा असतो: एक कप्पावाली आणि एक लॅम्डावाली एकमेकींना चिकटून लेझरसमोरून गेली. पेशीने समोर पसरवलेल्या प्रकाशाचं क्षेत्रफळ आणि उंची, म्हणजे FSC-A विरुद्ध FSC-H, यांचा प्लॉट काढून तिरक्या रेषेच्या बाहेरच्या पेशी वगळल्या की ठिपका जातो. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नये.

त्या ६७ वर्षांच्या गृहस्थांचा रिपोर्ट शेवटी असा गेला: सीडी५ पॉझिटिव्ह मोनोक्लोनल बी-पेशी, कप्पा, फिकी, सीएलएलशी जुळणारं स्वरूप, गुण ५ पैकी ५. पहिल्या दोन फेऱ्यांचे प्लॉट मी फाइलमधून काढले नाहीत. नव्या रेसिडेंटला ते तिन्ही प्लॉट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून देतो आणि टी-पेशी कुठे आहेत ते आधी दाखव म्हणतो.